रात्री आपोआप लागणारा टीव्ही : आत्याच्या घरच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ८ जून २०२४

आत्याच्या घरचा टीव्ही मध्यरात्रीनंतर आपोआप लागतो. आवाज नसतो, पण हॉलभर उजेड पडतो. तिची खोली हॉलला लागूनच आहे, त्यामुळे तिला जाग येते आणि मग पुन्हा झोप लागत नाही. "रात्री प्लग काढून ठेवा" असं तिला बऱ्याच जणांनी सांगितलं. पण प्लग टीव्हीच्या मागे खाली आहे, आणि तिचे गुडघे रोज तेवढं वाकू देत नाहीत. शिवाय प्लग काढून उजेड थांबला तरी टीव्ही कोण लावतंय हे कळत नाहीच. म्हणून कारण शोधायचं आणि तेवढंच बंद करायचं असं ठरवलं.

घरातली मांडणी अशी आहे. टीव्हीला स्वतःचं वायफाय आहे. त्याच्या दुसऱ्या एचडीएमआय सॉकेटमध्ये Android TV वर चालणारी एक स्ट्रीमिंग स्टिक आहे. तिचा अॅडाप्टर भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटमध्ये आहे, म्हणजे टीव्ही बंद केला तरी तिला वीज आणि इंटरनेट मिळत राहतं. राउटरवर OpenWrt हे खुलं सॉफ्टवेअर आहे. बाकी आत्याचा फोन आणि एक जुना टॅब.

आत्याने कॅलेंडरवर वेळा लिहून ठेवल्यात आणि त्याच आजची सगळ्यात मोठी मिळकत आहेत. टीव्ही लागतो तो साधारण अडीच ते सव्वातीनच्या मध्ये, पण रोज वेगळ्या मिनिटाला. सोमवार ते शुक्रवारच्या रात्री लागतो, तोही रोज नाही. शनिवार-रविवारच्या रात्री एकदाही नाही. टीव्हीतला टायमर असता तर रोज ठरलेल्या मिनिटाला लागला असता. ही अनियमितता माणसाची वाटते, आणि तीही कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस वेगळे असणाऱ्या माणसाची.

तरी साध्या शक्यता आधी संपवल्या. टीव्हीतला ऑन-टायमर बंदच होता. वीज जाऊन आल्यावर काही टीव्ही आपोआप लागतात, पण राउटरचा अपटाइम महिन्याहून जास्त निघाला, म्हणजे त्या काळात घरातली वीज गेलेलीच नाही. रिमोटचं बटण अडकत असेल म्हणून काल रात्री आत्याने रिमोटच्या बॅटऱ्या काढून ठेवल्या होत्या, तरी टीव्ही लागला.

मग तिला विचारलं, लागल्यावर पडद्यावर काय असतं? "ते डोंगर-समुद्राचे फोटो बदलत असतात." ते फोटो टीव्हीचे नाहीत, स्टिकच्या स्क्रीनसेव्हरचे आहेत. आत्या झोपण्याआधी टीव्हीतलंच चॅनल बघते आणि तिथूनच बंद करते. म्हणजे रात्री टीव्ही नुसता लागत नाही, त्याचा इनपुटही बदलून स्टिकवर जातो. ज्यांचा टीव्ही असा लागतो त्यांनी सगळ्यात आधी हेच बघावं. लागल्यावर कोणता इनपुट समोर आहे, यावरून अर्धा शोध संपतो.

रविवार, ९ जून

झोपलेला टीव्ही बाहेरून उठवण्याचे तीन मार्ग आहेत, आणि ते एकमेकांत मिसळले की माणूस भलतंच सेटिंग बंद करून बसतो.

पहिला मार्ग वेक-ऑन-लॅन. टीव्ही बंद असताना त्याचा नेटवर्कचा भाग जागा राहतो आणि एका ठरावीक पॅकेटची वाट बघतो. या मॅजिक पॅकेटमध्ये आधी FF असे ६ बाइट असतात आणि मग टीव्हीचा मॅक अॅड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्कच्या भागाचा ओळख क्रमांक, १६ वेळा. एकूण १०२ बाइट. पासवर्ड वगैरे काही लागत नाही. घरच्या नेटवर्कवर असलेलं आणि मॅक अॅड्रेस ठाऊक असलेलं कोणतंही उपकरण ते पाठवू शकतं. मॅक अॅड्रेस फोनला कळतो कसा? डायल नावाची पद्धत वापरणारे टीव्ही फोनच्या शोधाला उत्तर देतानाच `WAKEUP` या ओळीत तो सांगून टाकतात. व्हिडिओचं अॅप तो लक्षात ठेवू शकतं.

दुसरा मार्ग कास्टिंग. फोन नेटवर्कवर `_googlecast._tcp` अशी हाक मारतो, उपकरण उत्तर देतं, मग फोन त्याच्या 8009 पोर्टला जोडला जातो आणि अॅप सुरू करायला सांगतो. इथे एक खूण नीट समजून घ्यायला हवी. नुसतं 8009 ला जोडलं जाणं हा पुरावा नाही. घरातले फोन उपकरणाची स्थिती विचारायला तिथे सतत जात-येत असतात आणि त्याने टीव्ही उठत नाही. अॅप सुरू करण्याची मागणी आली तरच उठतो.

तिसरा मार्ग नेटवर्कचा नाहीच, तो एचडीएमआय केबलमधून येतो. सीईसी नावाची एक तार या केबलमध्ये असते. स्टिक जागी झाली की त्या तारेवरून टीव्हीला "लाग" आणि "आता चित्र माझं दाखव" असं सांगते. टीव्ही बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी सीईसीला स्वतःचं वेगळं नाव दिलंय, म्हणून मेनूत ते सापडायला वेळ लागतो.

इनपुट बदलतोय, म्हणजे शेवटची कडी तिसऱ्या मार्गाची, हे जवळजवळ नक्की. खरा प्रश्न स्टिकला कोण उठवतं हा आहे.

लॅपटॉपवरून टीव्हीला मॅजिक पॅकेट पाठवून बघितलं, टीव्ही लागला. पण लागला तो आत्याने शेवटचं पाहिलेल्या चॅनलवर. म्हणजे हा मार्ग उघडा आहे, पण रात्री घडतं ते हे नव्हे. तरी तो आज बंद केला नाही. आत्ता सगळंच बंद केलं तर उजेड थांबेल आणि कारण कधीच कळणार नाही. आत्याला हे समजावलं, ती उद्यापासून आतल्या खोलीत झोपायला तयार झाली.

राउटरवर पॅकेट नोंदवायला लावले. टीव्ही 192.168.1.40 वर आहे, स्टिक 192.168.1.41 वर:

```
tcpdump -i wlan0 -n -w /mnt/usb/raat.pcap \
 'host 192.168.1.40 or host 192.168.1.41 or udp port 9
  or udp port 7 or ether proto 0x0842'
```

मॅजिक पॅकेट बहुधा यूडीपीच्या 9 किंवा 7 पोर्टवर येतं, पण ते थेट इथरनेट फ्रेममध्येही पाठवता येतं. त्यासाठी शेवटची अट घातली. `br-lan` म्हणजे राउटरमधलं वायफाय आणि वायर जोडणारा ब्रिज, `wlan0` म्हणजे नुसतं वायफाय. `br-lan` ऐवजी `wlan0` घेतलं, कारण फोन आणि स्टिक दोन्ही एकाच वायफायवर असले तर त्यांचं बोलणं ब्रिजपर्यंत न जाता वायफायमधल्यामध्येच वळवलं जातं. ब्रिजवर बसून राहिलं तर कास्टिंग दिसणारच नाही आणि "घरातून कुणीच काही पाठवलं नाही" असा खोटा निष्कर्ष निघेल. म्हणून नोंद सुरू करून माझ्या फोनवरून स्टिकवर एक व्हिडिओ कास्ट केला. हाकेला स्टिकने दिलेलं उत्तर आणि 8009 ची जोडणी, दोन्ही गोष्टी फाइलमध्ये दिसल्या. नोंद भरवशाची आहे.

स्टिकची स्वतःची डायरीही हवी. About मध्ये Build वर सात वेळा दाबून डेव्हलपर पर्याय उघडले, डीबगिंग सुरू केलं, पडद्यावरची परवानगी दिली आणि लॅपटॉप जोडला:

```
adb connect 192.168.1.41:5555
adb logcat -G 16M
```

दुसरी ओळ महत्त्वाची आहे. लॉगची जागा लहान असते आणि जुन्या नोंदींवर नव्या चढत जातात, त्यामुळे रात्री अडीचची नोंद सकाळपर्यंत पुसली गेलेली असू शकते. 16M ने ती टिकायला पुरेशी जागा मिळते. पण स्टिक रीस्टार्ट झाली तर लॉगच जातो, म्हणून आत्याला स्टिकच्या अॅडाप्टरला हात लावू नकोस म्हणून सांगितलं.

मंगळवार, ११ जून

सापडलं. रात्री २ वाजून ४१ मिनिटांनी टीव्ही लागला होता.

आधी राउटरची फाइल उघडली. Wireshark या पॅकेट वाचायच्या प्रोग्राममध्ये `wol` एवढं फिल्टर टाकलं की फक्त मॅजिक पॅकेट दिसतात. रात्रभरात एकही नव्हतं. मग `tcp.port == 8009` बघितलं. रात्री बारानंतर आत्याच्या फोनने दोन-तीनदा स्टिकशी छोटं बोलणं केलेलं होतं, पण २:४१ च्या आसपास काहीच नाही. टॅब तर पूर्ण गप्प. म्हणजे घरातल्या कोणत्याही उपकरणाने हे केलेलं नाही.

मात्र त्याच सेकंदाला बाहेरून, इंटरनेटवरच्या एका सर्व्हरकडून, स्टिककडे एक लहानसं पॅकेट आलं होतं. ते आलं आधीपासूनच उघड्या असलेल्या 443 पोर्टच्या जोडणीवरून. त्याच्या मागोमाग स्टिकने भराभर डेटा ओढायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने थांबली. आतला मजकूर एन्क्रिप्ट केलेला, तो वाचता येत नाही. पण दिशा आणि क्रम पुरेसे आहेत. आधी बाहेरून सूचना, मग स्टिकची हालचाल.

ही जोडणी स्टिकनेच आतून बाहेर उघडलेली असते आणि झोपेतही धरून ठेवलेली असते. म्हणून राउटरच्या फायरवॉलला त्यात वावगं काही दिसत नाही. "बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही" हे खरं असूनही बाहेरून सूचना येऊ शकते, ती अशी.

मग स्टिकचा लॉग:

```
adb logcat -d -v time | grep "Waking up"
```

२:४१ ची ओळ होती. तिचा कामाचा भाग असा:

```
Waking up from Asleep (uid=10093, reason=WAKE_REASON_APPLICATION, ...)
```

इथे `reason` फार बोलकं असतं. रिमोटने उठवलं असतं तर POWER_BUTTON किंवा WAKE_KEY दिसलं असतं, टीव्हीने केबलमधून उठवलं असतं तर HDMI. इथे APPLICATION आहे, म्हणजे स्टिकमधल्याच एका अॅपने पडदा जागा करायला लावला. कोणत्या, ते `uid` वरून कळतं:

```
adb shell pm list packages -U | grep 10093
```

उत्तरात गाणी ऐकण्याचं एक अॅप आलं. आत्या ते वापरत नाही. तिला ते स्टिकवर आहे हेही माहीत नव्हतं.

राहिली शेवटची कडी. `adb shell dumpsys hdmi_control` ने सीईसीच्या संदेशांचा इतिहास मिळतो. २:४१ ला स्टिकने पाठवलेले दोन संदेश होते:

```
<Text View On>   40:0D
<Active Source>  4F:82:20:00
```

पहिल्या जोडीतला 4 म्हणजे पाठवणारी स्टिक आणि 0 म्हणजे टीव्ही. 0D म्हणजे "लाग". दुसऱ्यातला F म्हणजे "सगळ्यांना", 82 म्हणजे "आता चित्र माझं", आणि 20:00 हा पत्ता म्हणजे टीव्हीचं दुसरं एचडीएमआय सॉकेट. आत्याने सांगितलेलं सगळं या दोन ओळींत बसतं, टीव्ही लागणंही आणि इनपुट बदलणंही.

साखळी पूर्ण झाली. इंटरनेटवरून सूचना, गाण्यांचं अॅप, स्टिक जागी, केबलमधून टीव्हीला हुकूम. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगचा यात कुठेच संबंध नाही. ते बंद करून काहीच फरक पडला नसता, आणि "बंद केलं तरी लागतोय, म्हणजे टीव्हीच बिघडला" अशी समजूत झाली असती.

बुधवार, १२ जून

अॅप उघडून कोणाचं खातं आहे ते बघितलं. आतेभावाचं. तो परदेशी असतो. सुट्टीत आला होता तेव्हा त्याने स्टिकवर लॉगिन केलं होतं. इथे रात्रीचे अडीच वाजतात तेव्हा त्याच्याकडे संध्याकाळ असते, आणि कामाच्या दिवशी ऑफिस सुटलं की तो कानात हेडफोन घालून पळायला जातो.

त्याला फोन केला. त्याने सांगितलं, "अरे, कधीकधी प्ले दाबलं की गाणं सुरू होतं पण कानात काहीच येत नाही. मग मी उपकरणांच्या यादीतून फोन निवडतो, की येतं." त्या यादीत खाली काय दिसतं, ते त्याला वाचायला सांगितलं. त्याच्या फोनखाली होतं "हॉल टीव्ही". तो क्षणभर गप्पच झाला. मग म्हणाला, "आईची झोप माझ्यामुळे मोडत होती?"

यात त्याची चूक काहीच नाही. या जातीच्या अॅपमध्ये उपकरण शोधण्याचे दोन प्रकार असतात. एक त्याच वायफायवरचा, दुसरा खात्यावरून. दुसऱ्या प्रकारात एकाच खात्याने लॉगिन केलेली उपकरणं जगात कुठेही असली तरी एका यादीत येतात, आणि प्ले दाबल्यावर अॅप कधीकधी आधी वापरलेल्या उपकरणाकडे जातं. त्याने यादीतून फोन निवडला की गाणं त्याच्याकडे जातं आणि स्टिकवर थांबतं. टीव्हीला मात्र "बंद हो" असं कोणी सांगत नाही. म्हणून आवाज नाही, नुसता उजेड आणि बदलते फोटो.

अंदाजावर न थांबता करून बघितलं. टीव्ही बंद केला आणि माझा फोन व लॅपटॉप दोन्ही वायफायवरून काढले. टीव्हीचं नेटवर्कवरून लागण्याचं सेटिंग या चाचणीपुरतं बंद केलं. मग आतेभावाला "हॉल टीव्ही" निवडून प्ले दाबायला सांगितलं. काही सेकंदांत टीव्ही लागला.

आता काय बंद करायचं? सीईसी पूर्ण बंद केलं तर उजेड नक्की थांबेल, पण आत्याला एकाच रिमोटने दोन्ही चालवण्याची सवय आहे, ती मोडेल. स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर लावली तर टीव्ही बंद झाला की तिची वीजही जाते, पण सगळ्या टीव्हींत तसं होत नाही. काही टीव्ही यूएसबीला वीज देतच राहतात, आणि यूएसबी २.० चं सॉकेट ५०० मिलिअॅम्पियरपर्यंतच देतं, ते या स्टिकला अपुरं पडतं. शिवाय स्टिकचे रात्रीचे अपडेट थांबतील. हा उपाय सोडला.

दोन गोष्टी केल्या. पहिली, स्टिकवरून आतेभावाचं खातं लॉगआउट केलं. त्याने त्याच्या फोनवरून "हॉल टीव्ही" यादीतून गेल्याची खात्री केली.

दुसरी, टीव्हीच्या सीईसी मेनूत दोन वेगळी सेटिंगं असतात. `TV auto power on` म्हणजे जोडलेल्या उपकरणाच्या सांगण्यावरून टीव्ही लागणं. `Device auto power off` म्हणजे टीव्ही बंद केल्यावर उपकरणही झोपणं. फक्त पहिलं बंद केलं. आता टीव्ही बंद असताना स्टिक काहीही म्हणाली तरी तो ऐकणार नाही, पण टीव्ही बंद केला की स्टिक झोपते ते चालूच राहिलं. स्टिकच्या रिमोटचं पॉवर बटण टीव्हीला इन्फ्रारेडने लावतं, तो मार्ग सीईसीचा नाही, म्हणून आत्याला सकाळी काही वेगळं करावं लागणार नाही. तिच्याकडूनच करून घेतलं, टीव्ही लागला.

पहिल्या उपायाने आजचं कारण गेलं. दुसरा यासाठी की उद्या पाहुण्यांपैकी कोणी दुसऱ्या अॅपमध्ये लॉगिन करून गेलं, तरी टीव्ही रात्री लागू नये. या दुसऱ्या उपायाची एक किंमत आहे. फोनवरून स्टिकवर कास्ट केलं तर आता टीव्ही आपोआप लागणार नाही, आधी रिमोटने लावावा लागेल. आत्याला विचारलं. "मी आधी टीव्हीच लावते," म्हणाली.

रविवार, १६ जून

बुधवारपासून शुक्रवारपर्यंतच्या रात्री शांत गेल्या. आत्या गुरुवारपासून परत तिच्या खोलीत झोपतेय. केवळ उजेड नाही यावर समाधान न मानता लॉग बघितला. रात्रीची "Waking up" ची एकही ओळ नाही. आतेभाव त्या तिन्ही संध्याकाळी पळायला गेला होता, हे त्याला विचारून घेतलं. नाहीतर शांतता उपायामुळे की त्याच्या दांडीमुळे, हे कळलं नसतं.

आता कारण हाती आलंय, म्हणून टीव्हीचं नेटवर्कवरून लागण्याचं सेटिंगही कायमचं बंद ठेवलं. आत्या फोनच्या अॅपवरून टीव्ही लावत नाही, मग तो मार्ग उघडा ठेवण्याला अर्थ नाही. तपासताना मात्र घाई करून चालत नाही. बरेच टीव्ही बंद केल्यावर काही मिनिटं अर्धवट जागेच असतात, तेव्हा घेतलेली चाचणी फसवी ठरते. टीव्ही बंद करून तासाभराने मॅजिक पॅकेट पाठवलं, तो लागला नाही. `ping` लाही उत्तर नाही. बंद म्हणजे आता खरोखर बंद.

स्टिकवरचं डीबगिंग बंद केलं. काम झाल्यावर ते उघडं ठेवू नये. राउटरवरची नोंदही थांबवली आणि फाइल पुसली, त्यात घरातल्या माणसांच्या वापराचा माग असतो.

रविवार, ७ जुलै

आत्याकडे टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालंय. अपडेटने सेटिंगं मूळपदावर जाऊ शकतात, म्हणून जाऊन बघितलं. नेटवर्कवरून लागण्याचं सेटिंग पुन्हा चालू झालेलं होतं, ते बंद केलं. `TV auto power on` बंदच राहिलं होतं, त्यामुळे आत्याला मध्ये काही जाणवलं नाही. दोन्ही सेटिंगांची नावं, मेनूतला रस्ता आणि आजची तारीख एका कागदावर लिहून तो टीव्हीच्या मागे चिकटवला. पुढचं अपडेट आलं की आत्या फोन करेल, तेव्हा तोच रस्ता तिला फोनवर सांगता येईल.